सणाच्या शुभेच्छापत्रातली चूक मोबाइलवर सुधारताना अक्षरं का फुटतात, ठिगळ का दिसतं: क्रमाने काय तपासायचं

दुकानाचं शुभेच्छापत्र स्टेटसला लागलेलं असतं, आणि कोणीतरी कळवतं की 'दसऱ्याच्या' हा शब्द चुकलाय. एक अक्षर बदलायचं म्हणजे काम पाच मिनिटांचं वाटतं. पण देवनागरीत तेवढ्यासाठी तास जातो आणि पुष्कळदा दुरुस्त केलेलं चित्र मूळ चित्राहून वाईट दिसतं. पुढची सगळी पडताळणी कॅनव्हाच्या मोफत मोबाइल अ‍ॅपला धरून लिहिली आहे. दुसरं अ‍ॅप वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, कारणं बदलणार नाहीत.

लक्षणं

यातलं एक किंवा अनेक दिसत असेल तर हे तुमच्यासाठी आहे:

- 'दसऱ्याच्या' टाइप केलं तरी चित्रात 'दसर्याच्या' असं रफार घेऊन उमटतं.
- जोडाक्षर सुटतं: 'समृद्धी' लिहिताना पाय मोडलेला द वेगळा आणि ध वेगळा दिसतो.
- अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात, किंवा एका ओळीत दोन वळणांची अक्षरं दिसतात.
- शिरोरेषा दर अक्षरापाशी तुटते, किंवा अक्षराभोवतीची किनार दर सांध्यात आतपर्यंत दिसते.
- जुना शब्द झाकला, पण ठिगळ ओळखू येतं.
- दुरुस्त चित्र धूसर झालं.
- सगळं नीट जमलं, तरी गिऱ्हाइकांकडे चुकीचंच चित्र फिरतंय.

आधी अ‍ॅप न उघडता तपासा

पहिली गोष्ट फुकट आहे: चित्रातला सगळा मजकूर वाचून काढा. कोणीतरी दाखवली ती चूक एकटी असतेच असं नाही. ओळीच्या शेवटापासून उलटे, एकेक शब्द वाचत या. सरळ वाचताना डोळा ओळखीचं वाक्य स्वतःच पुरं करतो आणि चूक निसटते. शुभेच्छापत्रांत वारंवार चुकणारे शब्द मोजके आहेत. बरोबर रूपं अशी: हार्दिक, शुभेच्छा, समृद्धी, आशीर्वाद, विजयादशमी, लक्ष्मीपूजन, भाऊबीज, तिळगूळ. 'दिवाळी'त दि ऱ्हस्व आणि 'दीपावली'त दी दीर्घ, दोन्ही बरोबर आहेत. एकावरून दुसरं सुधारायला जाऊ नका. शेवटी फोन नंबर, पत्ता आणि तारीख अंक-अंक वाचा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक गिऱ्हाईक पोटात घालेल, पण चुकलेल्या नंबरावर फोन लागणारच नाही.

दुसरी गोष्ट: हे चित्र कोणी बनवलं? डिझायनरने किंवा ओळखीच्या मुलाने बनवलं असेल तर त्याच्याकडे मूळ फाइल असण्याची शक्यता मोठी आहे. तिच्यात अक्षरं अजून अक्षरंच आहेत, चित्र झालेली नाहीत. त्याला दुरुस्ती दोन मिनिटांची आहे, तुम्हाला तासाची. चूक फोनवर सांगू नका. पूर्ण दुरुस्त ओळ टाइप करून पाठवा, म्हणजे तो तीच उचलून डकवेल. चित्र तुम्हीच कॅनव्हात बनवलं असेल तर अ‍ॅपमध्ये ते आपोआप जतन झालेलं असतं. तिथूनच दुरुस्त करा, गॅलरीतल्या चित्रावर हात फिरवू नका.

तिसरी गोष्ट: मूळ फाइल नसेल, तर निदान चित्राची सर्वांत चांगली प्रत हातात आहे का? स्टेटसचा स्क्रीनशॉट घेऊन काम सुरू करणं ही धूसरपणाची सर्वांत मोठी वाट आहे. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखं पाठवलेलं चित्र दाबून लहान केलेलं असतं, आणि स्क्रीनशॉट त्याच्यावर आणखी एक थर चढवतो. ज्याने चित्र दिलं त्याला ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, तसं पाठवलं की ते दाबलं जात नाही. मग गॅलरीत चित्राचा तपशील उघडा आणि लांबी-रुंदी किती बिंदूंची, म्हणजे पिक्सेलची, आहे ते लिहून ठेवा. चौकोनी चित्र 1080 × 1080 आणि उभं स्टेटस 1080 × 1920 असेल तर फोनवर पाहायला पुरेसं आहे. रुंदी 600 च्या आसपास असेल तर त्यावर कितीही कष्ट घ्या, नवीन अक्षरं धारदार आणि जुनं चित्र मळकट असा विजोड दिसणारच.

चूक कापून किंवा झाकून जाते का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. चूक शेवटच्या ओळीत असेल आणि ती ओळ नसली तरी चालणार असेल, तर चित्र खालून कापा. काम संपलं. चूक खालच्या चतुर्थांशात असेल तर तिच्यावर पूर्ण रुंदीची एकरंगी पट्टी टाका आणि पट्टीवर दुकानाचं नाव, पत्ता, नंबर लिहा. अशी पट्टी शुभेच्छापत्रांत नेहमीच असते, त्यामुळे ती दुरुस्ती वाटतच नाही. पट्टीचा रंग चित्रातूनच घ्या: कॅनव्हात रंग निवडायला गेलात की चित्रातले मुख्य रंग आपोआप वर दिसतात, त्यातला सर्वांत गडद निवडा. पार्श्वभूमी नाजूक असेल तर पुढची सगळी खटपट टाळून सरळ पट्टीच टाकावी, असं माझं मत आहे.

अक्षरं आधी बाहेर टाइप करा

आता खरी देवनागरीची अडचण. नवीन ओळ कॅनव्हात टाइप न करता आधी नोट्समध्ये किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच टाइप करा. तिथे बरोबर दिसली तर मजकूर बरोबर आहे. मग चित्रात बिघडली तर दोष फॉन्टचा किंवा अ‍ॅपच्या सेटिंगचा आहे. एवढं वेगळं काढलं नाही तर माणूस कीबोर्ड आणि फॉन्ट दोन्ही बदलत बसतो आणि नेमकं काय बिघडलं ते कळतच नाही.

'दसऱ्याच्या'मधल्या ऱ्याचं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण हीच चूक दरवर्षी परतते. साधा र, हलन्त आणि य असे जोडले की संगणक रफार देतो: सूर्य, कार्य, आचार्य. 'दसऱ्या', 'व्यापाऱ्यांना', 'शेतकऱ्यांना' यांत मात्र आडवा अर्धा र हवा. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, इतका फरक पडतो. हा आडवा र दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात साध्या रच्या हलन्तानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. मजकूर एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात नेताना ते गळून पडलं की लगेच रफार उमटतो. दुसऱ्या प्रकारात खाली टिंब असलेला ऱ हे वेगळंच अक्षर वापरतात. यात गळण्यासारखं काही नसतं, म्हणून हाच प्रकार वापरा. कीबोर्डवर र दाबून धरला की ऱ दिसतो का पाहा. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहित असाल तर वर येणाऱ्या पर्यायांतून आडव्या रचा शब्द निवडा. दोन्ही जमलं नाही तर इथूनच उचला, हे शब्द त्याच ऱने लिहिलेले आहेत:

```
दसऱ्याच्या
व्यापाऱ्यांना
शेतकऱ्यांना
कर्मचाऱ्यांना
```

'समृध्दी' आणि 'शुध्द' यांचं कारण निराळं आहे. तिथे अक्षर फुटलेलं नसतं, द आणि ध यांचा क्रमच उलटा टाइप झालेला असतो. आधी द, मग हलन्त, मग ध: द्ध. पाठोपाठ ध आणि द आले तर फॉन्ट कितीही बदला, ध्दच दिसेल.

आणखी एक सापळा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर छपाईवाल्याने पाठवला, तर तो फोनवर विचित्र इंग्रजी चिन्हांसारखा दिसतो. ती फाइल बिघडलेली नसते. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी कळांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, आणि तो फॉन्ट तुमच्या फोनमध्ये नसतो. तो मजकूर वाचवत बसू नका, दोन ओळी नव्याने टाइप करा.

फॉन्ट

रिकामे चौकोन किंवा एका ओळीत दोन वळणं दिसली, तर निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही किंवा अपुरी आहे. कॅनव्हातले पुष्कळसे देखणे फॉन्ट फक्त इंग्रजीचे आहेत. मराठी मजकुराला त्यांपैकी एखादा लावला की अ‍ॅप गुपचूप दुसरा फॉन्ट वापरतं, आणि माणसाला वाटतं की फॉन्ट बदलतच नाहीये. मुक्ता, बलू, हिंद, कलम, यात्रा वन, नोटो सान्स देवनागरी ही नावं इंग्रजीत टाइप करून शोधा. यांच्यात मराठी जोडाक्षरं नीट आहेत. फॉन्ट पक्का करण्याआधी त्यात ही एक ओळ लावून पाहा:

```
ऱ्या श्री द्ध च्छ क्ष्मी ष्ट्र र्थी
```

यातलं काही फुटलं तर तो फॉन्ट सोडा, फुटणारं अक्षर आज तुमच्या मजकुरात नसलं तरी. पुढच्या सणाला तेच आडवं येतं.

फॉन्ट बरोबर असूनही शिरोरेषा तुटत असेल तर अक्षरांमधलं अंतर पाहा. ते शून्यावरच हवं. इंग्रजीत अक्षरं थोडी दूर केली की छान दिसतात, मराठीत तेवढ्यानेच शिरोरेषेला भेगा पडतात. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर चढतात. अक्षरांना किनार द्यायचा आणि ओळ कमानीत वळवायचा इफेक्ट मराठीला लावू नका. अ‍ॅप दर अक्षराला वेगळं धरतं, म्हणून किनार प्रत्येक सांध्यात दिसते आणि कमानीत शिरोरेषा पायऱ्यांसारखी होते. अक्षरं उठून दिसायला हवी असतील तर हलकी सावली पुरते.

झाकणं आणि नवीन ओळ बसवणं: एक पूर्ण उदाहरण

किराणा दुकानाचं दसऱ्याचं पत्र घ्या, 1080 × 1080. वर झेंडूचं तोरण, पार्श्वभूमी वर केशरी आणि खाली पिवळी होत जाणारी, उजव्या कोपऱ्यात आपट्याची पानं. मधोमध पांढऱ्या अक्षरांत 'दसर्याच्या हार्दीक शुभेच्छा', आणि अगदी तळाशी 'सुख, समृध्दी लाभो'. सांगणाऱ्याने एकच चूक दाखवली होती, वाचल्यावर तीन निघाल्या.

तळची ओळ आधी निकालात काढा. तिच्यावर तांबडी पट्टी आणि दुकानाचं नाव टाकलं की झालं. राहिली मधली ओळ.

कॅनव्हात स्वतःचं माप देऊन 1080 × 1080 चं नवीन डिझाइन उघडा. माप मूळ चित्राइतकंच हवं, नाहीतर चित्र ताणलं किंवा कापलं जाईल. चित्र अपलोड करा, चारी कडांना भिडवा आणि कुलूप लावून जागेवर पक्कं करा, म्हणजे पुढे बोट लागून ते सरकणार नाही.

आता क्रम महत्त्वाचा आहे: आधी नवीन ओळ, मग ठिगळ. 'दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा' ही बाहेर टाइप केलेली ओळ डकवा आणि जुनी ओळ अजून दिसत असतानाच तिच्यावर ठेवा. शिरोरेषा शिरोरेषेवर येऊ द्या, मग आकार असा वाढवा की ओळीची सुरुवात आणि शेवट जुन्या ओळीशी जुळेल. जुनी ओळ आधी झाकली की मोजायला काही उरत नाही, आणि नवीन ओळ नेहमी थोडी तिरकी किंवा लहान बसते.

फक्त चुकलेलं अक्षर किंवा वेलांटी बदलायचा मोह टाळा. मूळ फॉन्ट कोणता होता ते कळत नाही, आणि जवळचा फॉन्ट सापडला तरी जाडी किंचित वेगळी असते. शब्दात एकच अक्षर वेगळं असलं की नजर तिथेच जाते. पूर्ण ओळ वेगळ्या फॉन्टमध्ये असली तर कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण शुभेच्छापत्रात दोन-तीन फॉन्ट असतातच.

आता ठिगळ. पार्श्वभूमी सपाट एकरंगी असती तर त्याच रंगाचा आयत पुरला असता. इथे रंग वरून खाली बदलतोय, म्हणून सपाट आयत वरच्या कडेला फिका आणि खालच्या कडेला गडद दिसेल. त्याऐवजी मूळ चित्राचीच प्रत करा. तिला क्रॉप करून ओळीच्या उंचीवरचाच, पण अक्षरांच्या डावीकडचा कोरा तुकडा घ्या. रंग उभ्या दिशेने बदलतो, आडव्या दिशेने नाही. म्हणून त्याच उंचीवरचा तुकडा आडवा सरकवला की रंग बरोबर जुळतो. वर किंवा खाली सरकवला तर जुळणार नाही. तुकडा अरुंद असेल तर त्याच्याच प्रती शेजारी शेजारी, एकमेकींवर किंचित चढवून लावा. सगळे तुकडे 'लेअर'मध्ये नवीन ओळीच्या खाली सरकवा.

ठिगळ अक्षरांच्या कडेलाच संपवू नका. जेपीजी चित्र 8 × 8 बिंदूंच्या चौकटींत दाबलेलं असतं, त्यामुळे अक्षरांभोवती बारीक मळकट ठिपके पसरतात. झाकण अक्षरापुरतंच असेल तर ते ठिपके बाहेर राहतात आणि जुन्या शब्दाची सावली दिसते. चारी बाजूंनी 16 ते 20 बिंदू जास्त झाका. फोनच्या पडद्यावर हे जेमतेम एक ते सव्वा मिलिमीटर भरतं. मूळ अक्षरांना सावली असेल तर ती ज्या बाजूला पडते तिकडे आणखी थोडं.

रंग मधून बाहेर गोलाकार पसरत असेल, जसं दिव्याभोवतीचं तेज, तर कुठल्याच दिशेने सरकवलेला तुकडा जुळत नाही. तिथे पूर्ण ओळीमागे पट्टी टाका. कॅनव्हातलं जादूने पुसून देणारं साधन पैसे भरणाऱ्यांसाठी आहे. मुकुटाचं चिन्ह असलेली कुठलीही गोष्ट वापरली तर मोफत खात्यात ती पाणचिन्हासकट येईल किंवा पैसे मागेल, हे शेवटी नाही तर सुरुवातीलाच पाहा.

जतन करणं आणि जुनं चित्र मागे घेणं

डाउनलोड करताना पीएनजी निवडा. जेपीजीत पुन्हा दाबलं तर अक्षरांच्या कडा दुसऱ्यांदा मळतात. आलेलं चित्र आधी स्वतःच्याच व्हॉट्सॲपवर पाठवा आणि तिथे उघडून मोठं करून बघा. एडिटरमध्ये दिसलं तसंच गिऱ्हाइकाला दिसेल असं नसतं. कडा उतरल्या असतील तर पाठवताना एचडीचा पर्याय घ्या. ही तपासणी दुकानातल्या दुसऱ्या कोणाला करायला दिली तर उत्तम, त्याचा डोळा ताजा असतो.

व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोखालची ओळ पंधरा मिनिटांच्या आत बदलता येते, फोटो मात्र बदलता येत नाही. म्हणून जुना फोटो 'सगळ्यांसाठी डिलीट' करून नवीन पाठवावा लागतो. ही सोय साधारण दोन दिवसच असते. लोकांनी पुढे पाठवलेल्या प्रती त्याने जात नाहीत. स्टेटस, दुकानाच्या खात्याचा फोटो, फेसबुक आणि गूगलवरची दुकानाची नोंद हे चार वेगळे आहेत, एक बदलल्याने दुसरं बदलत नाही. मग फोनमधली जुनी प्रतही काढून टाका. पुढच्या वर्षी घाईत तीच पुन्हा सापडते, आणि चूक परत येण्याचं सर्वांत साधं कारण हेच आहे.

इथे थांबा आणि डिझायनरला द्या

चुकलेली अक्षरं देवाच्या किंवा माणसाच्या चेहऱ्यावरून, दागिन्यांवरून किंवा फुलांच्या नक्षीवरून जात असतील तर थांबा. तिथे मागचं चित्र नव्याने रंगवावं लागतं आणि मोफत साधनांचं ठिगळ चेहऱ्यावर फार विद्रूप दिसतं. सोनेरी, उठावदार घडवलेली अक्षरं असतील तरीही थांबा, तो परिणाम मोबाइलवर जुळत नाही. चित्र एखाद्या कंपनीने विक्रेत्यांना दिलेलं असेल तर त्यात बदल न करता कंपनीच्या माणसालाच चूक कळवा.

आणि फ्लेक्स छापायचा असेल तर फोनवरच्या चित्राला हातही लावू नका. 1080 बिंदू तीन फुटांवर पसरले की इंचाला 30 बिंदू उरतात, आणि दारात उभ्या माणसाला कडा दातेरी दिसतात. फ्लेक्सवाल्याकडे बहुधा कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली मूळ फाइल असते. त्याला दुरुस्त ओळ टाइप करून द्या. त्याचा फॉन्ट जुन्या पद्धतीचा असेल तर तो ती स्वतः पुन्हा टाइप करेल, म्हणून छापण्याआधी नमुन्याचा फोटो मागा आणि त्यातला ऱ्या आणि द्ध मोठा करून पाहूनच छपाईला होकार द्या.